पोलिसांपुढची कबुली आणि शोधाचा अपवाद: पर्याय निवडण्याआधी निवेदन कसं फोडायचं

ठाण्याच्या सत्र न्यायालयात ज्युनियर म्हणून नव्याने उभे राहणारे आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेची तयारी करणारे, दोघांना एकाच जागी ठेच लागते. समोर आरोपीने कोठडीत दिलेलं लांबलचक निवेदन असतं. त्यावरून हत्यार सापडलेलं असतं आणि विचारलेलं असतं की यातलं ग्राह्य काय. चार पर्याय दिले की बरेच जण "सगळं" आणि "काहीच नाही" या दोन टोकांत अडकतात. उत्तर बहुधा मधे कुठेतरी असतं. ते नेमकं कुठे आहे हे पाठांतराने सापडत नाही, त्यासाठी पेन्सिल घेऊन निवेदनाचे तुकडे पाडावे लागतात. ते कसं करायचं, हे एकाच उदाहरणावर सविस्तर पाहू.

आधी कलम नीट वाचा

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. जुन्या 1872 च्या कायद्यातली 25, 26 आणि 27 ही तीन कलमं आता कलम 23 मध्ये एकत्र आली आहेत. पोट-कलम (1) म्हणजे जुनं 25, पोट-कलम (2) म्हणजे जुनं 26, आणि त्याखालचं परंतुक म्हणजे जुनं 27. ज्या प्रकरणाचा तपास किंवा खटला 1 जुलै 2024 च्या आधीच सुरू होऊन प्रलंबित होता, त्याला जुनाच कायदा लागतो. म्हणून कोर्टात अजून कितीतरी फायलींवर "कलम 27 चा पंचनामा" असंच लिहिलेलं दिसेल, आणि प्रश्नपत्रिकेतही दोन्ही क्रमांक येऊ शकतात. प्रश्नात तारीख दिली असेल तर आधी ती पाहा.

पोट-कलम (1) सांगतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. आरोपी कोठडीत होता की मोकळा, तपास सुरू झाला होता की नव्हता, याने फरक पडत नाही. स्वतः चौकीवर जाऊन "मी खून केला" अशी फिर्याद देणाऱ्याचा कबुलीजबाबही याच बंदीत येतो. अघनू नागेसिया विरुद्ध बिहार राज्य या 1966 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं.

पोट-कलम (2) वेगळं आहे. आरोपी पोलिसांच्या कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे, म्हणजे डॉक्टर, शेजारी किंवा पत्रकारापुढे कबूल झाला, तर तीही कबुली चालत नाही. अपवाद एकच, ती न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीत दिलेली असली पाहिजे. हा अपवाद पोट-कलम (1) ला लागू होत नाही. "पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली न्यायदंडाधिकारी हजर असल्यास ग्राह्य" असा पर्याय दिसला की तो खोडा. अघनू नागेसियातच म्हटलं आहे की 26 ची सवलत 25 ची पूर्ण बंदी सैल करत नाही. न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः रीतसर नोंदवलेला कबुलीजबाब ही वेगळी गोष्ट आहे. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली येते.

आता परंतुक. कोठडीतल्या आरोपीकडून मिळालेल्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या माहितीतला "त्या वस्तुस्थितीशी स्पष्टपणे निगडित असेल तेवढाच" भाग सिद्ध करता येतो, मग तो कबुली असो वा नसो. सगळी गंमत "तेवढाच" या शब्दात आहे. "उघडकीस आली" म्हणजे काय आणि "स्पष्टपणे निगडित" म्हणजे किती, या दोन प्रश्नांची उत्तरं जमली की पर्याय सुटतो.

उदाहरण

समजा, 2025 मधली घटना आहे. घणसोलीत नाल्याजवळ एका माणसाचा मृतदेह मिळतो, अंगावर सुऱ्याचे वार आहेत. दोन दिवसांनी संशयित ताब्यात येतो आणि त्याला रीतसर अटक होते. पोलीस ठाण्यात दोन पंच बोलावले जातात आणि त्यांच्यासमोर आरोपी सांगतो:

"त्याचं आणि माझं पैशावरून भांडण होतं. परवा रात्री मी त्याला नाल्याजवळ भोसकलं. त्याचा मोबाईल मी वाशीत एका दुकानदाराला विकला. ज्या सुऱ्याने भोसकलं तो सुरा मी रबाळे स्टेशनच्या बाहेर भिंतीलगत तुटलेल्या फरशीखाली लपवून ठेवलाय. चला, जागा दाखवतो आणि काढून देतो."

हे निवेदन लिहून घेतलं जातं. मग सगळे जीपने रबाळ्याला जातात, आरोपी पुढे चालतो, फरशी उचलतो, खालून सुरा निघतो. पात्यावर तपकिरी डाग आहेत. सुरा पंचांसमोर सीलबंद होतो. मोबाईल मात्र आदल्याच दिवशी आयएमईआय क्रमांकावरून शोध घेऊन पोलिसांनी वाशीच्या दुकानातून जप्त केलेला आहे.

पहिली पायरी: काय सापडलं, ते बरोबर ओळखा

इथे नवखा म्हणतो, "सुरा सापडला." कायद्याच्या भाषेत सापडलेली वस्तुस्थिती नुसता सुरा नाही. पुलुकुरी कोट्टय्या विरुद्ध सम्राट या 1947 च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने हे कायमचं ठरवलं. उघडकीस येणारी वस्तुस्थिती म्हणजे वस्तू जिथून निघाली ती जागा, आणि ती तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं ही बाब. त्या निकालातलं उदाहरण घराच्या छपरात लपवलेल्या सुरीचं आहे. सुरी तर आधीपासून जगात होतीच, तिचा शोध कोठडीतल्या वाक्याने लागत नाही. ती आरोपीच्या माहितीनुसार त्या छपरात होती, एवढंच नव्याने कळतं.

आपल्या उदाहरणात म्हणून सापडलेली वस्तुस्थिती अशी: रबाळे स्टेशनबाहेरच्या फरशीखाली सुरा होता, आणि तो तिथे आहे हे या आरोपीला ठाऊक होतं. हे एक वाक्य समासात लिहून ठेवा. पुढची प्रत्येक ओळ याच वाक्यावर घासून पाहायची आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक वाक्य घासून पाहा

"पैशावरून भांडण होतं." यात गुन्ह्याची कबुली दिसत नाही, म्हणून मोह होतो की हे तरी चालेल. पण हा कबुलीजबाबाचाच भाग आहे. हेतू, तयारी, संधी सांगणारी वाक्यं कबुलीपासून वेगळी काढून वापरता येत नाहीत, हेही अघनू नागेसियात सांगितलं आहे. फरशीखालच्या सुऱ्याशी भांडणाचा थेट संबंध नाही. खोडा.

"मी त्याला भोसकलं." ही सरळ कबुली. फरशीखाली काय आहे ते या वाक्याने कळत नाही. खोडा.

"मोबाईल वाशीत विकला." इथे थांबा. वाक्य खरं आहे, मोबाईलही मिळालेला आहे, तरी ते चालणार नाही. मोबाईल या माहितीमुळे सापडलेला नाही, तो आदल्या दिवशीच पोलिसांच्या हाती होता. पोलिसांना आधीच माहीत असलेली गोष्ट परंतुकाखाली "उघडकीस" येत नाही. जाफर हुसेन दस्तगीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1969 च्या प्रकरणात हाच मुद्दा निर्णायक ठरला. म्हणून कोणत्याही निवेदनात आधी माहिती आणि मग शोध, हा क्रम तारीख-वेळेसह तपासायचा. क्रम उलटा दिसला की तो तुकडा गेला.

चौथं वाक्य दोन भागांत फोडावं लागतं, आणि सगळी परीक्षा इथेच असते. "ज्या सुऱ्याने भोसकलं" हा भाग सुऱ्याचा पूर्वेतिहास सांगतो. फरशीखालून सुरा काढताना त्याने कुणाला भोसकलं हे काही सापडत नाही. कोट्टय्यात "ज्याने मी भोसकलं" हे शब्द याच कारणाने वगळले गेले. उरतो "तो सुरा मी रबाळे स्टेशनच्या बाहेर भिंतीलगत तुटलेल्या फरशीखाली लपवून ठेवलाय" हा भाग. हा आपल्या समासातल्या वाक्याशी तंतोतंत जुळतो.

"मी लपवून ठेवलाय" यातल्या "मी" ने अनेक जण बिचकतात. लपवणारा मीच, हे तर स्वतःला गोवणं झालं, मग ते कसं चालेल? के. चिन्नस्वामी रेड्डी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या 1962 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. दागिने जिथे लपवले ती जागा दाखवतो, या निवेदनातले "जिथे लपवले" हे शब्दही ग्राह्य धरले, कारण ते शोधाशी थेट बांधलेले आहेत. परंतुकात "कबुली असो वा नसो" असे शब्द आहेत ते याचसाठी. स्वतःला गोवणारं आहे की नाही, ही कसोटी इथे नाहीच. शोधाशी निगडित आहे की नाही, एवढंच पाहायचं.

पाचवं वाक्य, "चला, जागा दाखवतो आणि काढून देतो," ग्राह्य. पेन्सिल फिरवून झाल्यावर कागदावर एवढंच उरतं: "सुरा मी रबाळे स्टेशनच्या बाहेर भिंतीलगत तुटलेल्या फरशीखाली लपवून ठेवलाय. चला, जागा दाखवतो आणि काढून देतो."

अशी काटछाट किती बारीक असते हे पाहायचं असेल तर मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1976 चा निकाल मुळातून वाचा. आरोपीने रसायनाचे तीन ड्रम ठेवलेली जागा दाखवतो असं सांगितलं आणि ते हाजी बंदरातून आपण काढले असंही जोडलं. न्यायालयाने पहिला अर्धा भाग ठेवला, बंदरातून काढल्याचा अर्धा भाग वगळला. शेवटी आरोपी सुटलाही, कारण ड्रम मुसाफिरखान्याच्या मोकळ्या आवारात होते आणि त्या जागेवर त्याचा ताबा असल्याचा पुरावा नव्हता. ग्राह्यता आणि वजन या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे या एका निकालातून पक्कं समजतं.

तिसरी पायरी: आता पर्याय पाहा

आपल्या उदाहरणावर प्रश्न आला तर पर्याय साधारण असे असतील. पहिला: सुरा खरोखर सापडल्याने निवेदनाची सत्यता पटते, म्हणून ते संपूर्ण ग्राह्य. दुसरा: निवेदन पोलिसांपुढे दिल्याने त्यातलं काहीही ग्राह्य नाही. तिसरा: सुरा लपवल्याचा आणि दाखवण्याचा भाग ग्राह्य. चौथा: लपवल्याचा भाग आणि त्याच सुऱ्याने भोसकल्याचा भाग, दोन्ही ग्राह्य, कारण हत्याराचा गुन्ह्याशी संबंध सांगितल्याशिवाय शोधाला अर्थ नाही.

दुसरा पर्याय परंतुक विसरतो. पहिल्यात अर्धसत्य आहे म्हणून तो जास्त धोकादायक. शोध लागल्याने माहिती खरी असण्याची हमी मिळते हा परंतुकामागचा विचार खरा आहे, पण ती हमी तेवढ्याच भागापुरती असते. चौथा पर्याय सर्वात हुशारीने रचलेला असतो, कारण त्याचं कारण पटण्यासारखं वाटतं. सुरा गुन्ह्यात वापरला हे सिद्ध करावंच लागतं, पण ते आरोपीच्या तोंडून नाही. त्यासाठी न्यायसहायक प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल लागतो, जखमांशी पातं जुळतं असं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचं मत लागतं. तिसरा पर्याय बरोबर.

याच गटातली आणखी काही विधानं सारखी भेटतात. "परंतुक लागण्यासाठी औपचारिक अटक झालेली असावी" हे चूक आहे. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध देवमन उपाध्याय या 1960 च्या निकालानुसार, माणूस स्वतःहून पोलिसांकडे येऊन माहिती देतो तेव्हा तो कोठडीच्या स्वाधीन झाला असं धरता येतं. "मोकळ्या, सर्वांना खुल्या जागेतून निघालेली वस्तू कधीच ग्राह्य नाही" हेही चूक. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जीत सिंह या 1999 च्या निकालात म्हटलं आहे की जागा खुली होती का यापेक्षा वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसत होती का, हे महत्त्वाचं. रबाळे स्टेशनबाहेरून रोज हजारो माणसं जातात, पण फरशीखालचा सुरा त्यांना दिसत नाही. तोच सुरा भिंतीवर उघडा पडलेला असता तर आरोपीच्या माहितीला किंमत उरली नसती.

"पोलिसांपुढची कबुली कोणत्याही कायद्यात ग्राह्य नाही" या विधानात "कोणत्याही" हा शब्द खटकला पाहिजे. मकोकाच्या कलम 18 खाली पोलीस अधीक्षक दर्जापेक्षा खालच्या नसलेल्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने नोंदवलेली कबुली चालते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही ठिकाणी आयुक्तालय आहे, त्यामुळे इथे व्यवहारात ते काम पोलीस उपायुक्त करतात. याउलट, अंमली पदार्थ कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्यांना "पोलीस नाहीत" म्हणून वेगळं धरण्याची वाट 2020 च्या तोफान सिंग निकालाने बंद केली. त्यांच्यापुढची कबुलीही आता बंदीत येते.

कोर्टात हे तुकडे कुठे निसटतात

ज्युनियर म्हणून तुमच्या हातात निवेदनाचा पंचनामा येईल तेव्हा आधी वेळा पाहा. निवेदन 11.20 ला सुरू झालं असं लिहिलंय आणि स्टेशन डायरीत पथक 11.05 ला रबाळ्याला निघाल्याची नोंद आहे, तर माहिती आधी की शोध आधी हा प्रश्न उभा राहतो. अशी पंधरा मिनिटं उलटतपासात सगळा पंचनामा हलवू शकतात.

मग भाषा पाहा. नवी मुंबईत आरोपी अनेकदा हिंदीत किंवा भोजपुरीत बोलतो आणि पंचनामा मराठीत उतरतो: "आरोपीने गुन्ह्याची कबुली देऊन हत्यार काढून देण्याची तयारी दर्शविली." या वाक्यात आरोपीचा एकही शब्द नाही. ते वाक्य लेखनिकाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या 2022 च्या निकालात सांगितलं की पंच निवेदनाच्या आधीपासून हजर हवेत, आरोपीने प्रत्यक्ष काय म्हटलं ते लिहिलं पाहिजे, आणि ते शब्द तपास अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले पाहिजेत. जागेचा उल्लेख निवेदनात नसेल आणि फक्त "काढून देतो" असेल, तर जागेची माहिती आरोपीकडून आली की नाही हेच कळत नाही.

तिसरी गोष्ट सरतपासातली. तपास अधिकारी पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, "आरोपीने निवेदन दिलं, ते निशाणी 24 वर आहे, त्यावर माझी सही आहे." सही सिद्ध झाली, मजकूर नाही. 2024 च्या बाबू साहेबगौडा निकालात न्यायालयाने यावर बोट ठेवलं: निवेदनात काय होतं ते अधिकाऱ्याने स्वतःच्या साक्षीत सांगायला हवं. सरकारी पक्षाकडून काम करत असाल तर हा प्रश्न विसरू नका. बचावाकडून असाल तर इथे उगाच प्रश्न विचारून ती पोकळी भरून देऊ नका. निवेदनाचा पूर्ण मजकूर निशाणीवर चढत असेल तर त्याच वेळी हरकत घ्या आणि ग्राह्य भागाला वेगळी खूण करून तेवढाच निशाणीवर घ्यावा अशी विनंती करा. "भोसकलं" हे वाक्य रेकॉर्डवर राहिलं तर कायद्याने ते वापरायचं नसलं तरी नजरेला पडत राहतं.

पंच फितूर झाला की सगळं संपलं, असं नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शोध सिद्ध होऊ शकतो. मात्र तेव्हा वेळा, सील आणि शब्द या तीन जागा आणखी घट्ट लागतात.

आणि शोध पूर्ण सिद्ध झाला तरी त्यातून काय निघतं? सुरा तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढंच. ते त्याला तीन प्रकारे कळू शकतं: त्याने स्वतः लपवला, दुसऱ्याला लपवताना पाहिलं, किंवा कुणी सांगितलं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुरेश या 2000 च्या निकालात म्हटलं आहे की आरोपीने कसं कळलं याचा खुलासा केला नाही तर त्याने स्वतः लपवल्याचं अनुमान काढता येतं. हे अनुमान लपवण्याविषयी आहे. ते खुनापर्यंत आपोआप जात नाही. "शोध सिद्ध झाल्याने खून सिद्ध होतो" असा पर्याय आला तर तो चूक.

दोन आरोपी असले तर

आपल्या उदाहरणात थोडा बदल करा. दोन आरोपी आहेत आणि पंचनाम्यात लिहिलंय, "दोघांनी सांगितलं की सुरा फरशीखाली आहे." सर्वोच्च न्यायालयाने नवज्योत संधू प्रकरणात, 2005 मध्ये, एकत्र दिलेली माहिती केवळ एकत्र आहे म्हणून बाद होत नाही असं म्हटलं. पण दोघांनी एकाच श्वासात तेच शब्द उच्चारले हे पटणं कठीण असतं. कुणी आधी सांगितलं, कोणत्या शब्दांत सांगितलं आणि त्यावरून काय सापडलं, हे प्रत्येकापुरतं वेगळं दिसलं पाहिजे.

आणि पहिल्या आरोपीने सकाळी सुरा काढून दिला, दुसऱ्याला संध्याकाळी त्याच फरशीपाशी नेऊन "याच जागी ठेवला होता" असं त्याच्याकडून वदवून घेतलं, तर दुसऱ्याच्या वाक्याने नवीन काहीही उघडकीस आलेलं नाही. त्याच्याविरुद्ध परंतुक लागत नाही आणि त्याचं वाक्य पोट-कलम (1) च्या बंदीत परत जातं.